डोळ्यात चुना उडाला तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या घरी हे आत्ता घडलंय, त्यांनी पुढचं नंतर वाचावं. नळ सोडा, डोळा उघडा धरा आणि पाण्याची धार सुरू करा. अर्धा तास ती धार बंद करू नका. दुसऱ्या माणसाला गाडी बघायला सांगा.

बाकीच्यांनी सावकाश वाचावं. डोळ्यात उडणाऱ्या रसायनांपैकी मी इथे मुख्यतः एकाबद्दल लिहितो आहे: तंबाखूत मळायचा, पानाला लावायचा, भिंतीला फासायचा चुना. तो आपल्या घरात सगळीकडे असतो, त्याची कुणालाच भीती वाटत नाही आणि तो मुलांच्या हाताला सहज लागतो.

चुना तर आपण खातो. तो डोळ्याला इतका वाईट कसा?

पानाला लावलेला चुना बोटाच्या टोकावर मावेल इतका असतो. त्यात कात आणि लाळ मिसळते. तरीही चुना जास्त झाला की तोंड भाजतं, हे पान खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तोंडाची कातडी दोन दिवसांत भरून येते. डोळ्याचं बुबुळ खोलवर भाजलं तर त्याला ती सोय नाही.

चुना हा अल्क म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ आहे. त्याच्या निवळीचा पीएच साधारण १२.४ असतो आणि आपल्या अश्रूंचा ७.४ च्या आसपास. पाचच अंकांचा फरक आहे असं वाटेल, पण या मापात प्रत्येक अंक दहापटीचा असतो. म्हणजे चुन्याची निवळी अश्रूंपेक्षा लाखपट अल्क असते.

शरीरातल्या प्रत्येक पेशीला स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. अल्क त्या स्निग्धावर पडला की त्याचा साबण होतो. तेल आणि कॉस्टिक सोडा ढवळून साबण करतात, तीच ही क्रिया आहे, फक्त भांड्यात न होता बुबुळावर होते. आवरण विरघळलं की पेशी मरते आणि अल्काला आत जायला वाट मिळते. आम्लाचं बहुधा उलट होतं. ते वरच्या थरातली प्रथिनं साकळवतं आणि त्या साकळलेल्या थरामुळे आम्लाचा पुढचा मार्ग काहीसा अडतो. म्हणून संडास साफ करायच्या आम्लाला सगळे घाबरतात आणि चुन्याला कुणी घाबरत नाही, हे मला फार उफराटं वाटतं.

पहिल्या काही मिनिटांनी खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो. नंतर कितीही औषधं घातली तरी ती मिनिटं भरून निघत नाहीत. अल्क बुबुळ ओलांडून आतल्या पाण्यात किती लवकर शिरतो, ते पदार्थावर अवलंबून असतं. अमोनियाला काही सेकंद पुरतात. कॉस्टिक सोड्याला तीन ते पाच मिनिटं लागतात. एकदा तो आत पोचला की बाहेरून घातलेलं पाणी त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही.

चुन्याची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. चुन्यातलं कॅल्शियम त्या साबणाशी जुळून एक पांढरा, न विरघळणारा थर तयार करतं. त्या थरामुळे चुना कॉस्टिक सोड्याइतका झपाट्याने खोल जात नाही. ही आपल्या बाजूची गोष्ट झाली. पण त्याच थरामुळे बुबुळ लवकर पांढुरकं दिसायला लागतं, आणि चुन्याचे कण पापणीच्या आत चिकटून बसतात. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरभर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम. म्हणजे अडकलेला कण एका धारेत संपत नाही. तो हळूहळू विरघळत राहतो आणि डोळ्यात ताजा अल्क सोडत राहतो. दोन मिनिटं धुऊन थांबलात तर डोळा पुन्हा भाजायला लागतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून चुन्याच्या बाबतीत दोन कामं असतात. लगेच पाणी घालायचं, आणि कण निघेपर्यंत पाणी घालत राहायचं.

कोणतं पाणी घ्यायचं? उकळून गार केलेलं, बिसलरी, की सलाइन?

जे हाताशी असेल ते. नळाचं, पिंपातलं, माठातलं, बोअरचं, कुठलंही पिण्याजोगं पाणी चालतं. बोअरचं पाणी जड असलं तरी चालेल. शुद्ध पाणी शोधण्यात गेलेली पाच मिनिटं त्या पाण्याच्या शुद्धतेपेक्षा कितीतरी महाग पडतात. पिण्याचं पाणी नसेल आणि फक्त वापराचं असेल, तर त्याने सुरुवात करा आणि चांगलं पाणी आलं की बदला. जंतुसंसर्गावर नंतर औषध देता येतं. पाणी गरम मात्र नको. साधं किंवा किंचित कोमट असावं. बर्फाचं पाणी डोळ्याला सहन होत नाही आणि माणूस धुणं लवकर थांबवतो.

चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो ना? मग पाण्याने जास्त नाही का भाजणार?

ही शंका रास्त आहे. रंगकामाआधी चुना भिजवताना पिंप कसं रटरटतं, ते आपण पाहिलेलं असतं. पण तो कळीचा चुना असतो. पुडीतला, ट्यूबमधला किंवा डबीतला चुना आधीच विरवलेला असतो. त्याने पाणी पिऊन झालेलं असतं, त्यामुळे तो पुन्हा तापत नाही.

कळीच्या चुन्याची कोरडी भुकटी चेहऱ्यावर उडाली असेल, तर आधी कोरड्या फडक्याने कपाळ, भुवया आणि गालावरची भुकटी डोळ्यापासून बाहेरच्या दिशेने झटका. याला पाच-दहा सेकंदांहून जास्त वेळ घेऊ नका. मग भरपूर पाणी घाला. थेंबथेंब पाणी घातलं तर भुकटी तापते, मोठी सलग धार उष्णताही वाहून नेते.

नेमकं धुवायचं कसं?

मोठा माणूस असेल तर त्याला मोरीत किंवा बेसिनवर वाकवा आणि डोकं बाजूला वळवा. चुना गेलेला डोळा खाली आणि चांगला डोळा वर असला पाहिजे. नाही तर धुवून निघालेला चुना चांगल्या डोळ्यात उतरतो. नळाची धार बारीक, बोटाएवढी ठेवा. ती बुबुळावर थेट आदळू देऊ नका, नाकाकडच्या कोपऱ्यावर सोडा, म्हणजे पाणी डोळ्यावरून वाहत कानाकडे जाईल. तांब्याने घालत असाल तर तांब्या डोळ्यापासून वीतभर अंतरावरच धरा.

आता सगळ्यात अवघड भाग. डोळा आपोआप घट्ट मिटतो. मिटलेल्या डोळ्यावर बादलीभर पाणी ओतलं तरी फक्त पापणी धुतली जाते. घरी धुतलेल्या डोळ्यांत हीच चूक सगळ्यात जास्त होते. घरचे लोक खरेपणाने सांगतात, "खूप पाणी मारलं हो," आणि डोळा मात्र आतून कोरडाच असतो. पापण्या बोटांनी उघडाव्याच लागतात. ओल्या पापणीवरून बोटं घसरतात, म्हणून बोटाला कोरड्या रुमालाची घडी गुंडाळा. खालची पापणी गालाच्या हाडावर आणि वरची भुवईच्या हाडावर दाबून धरा. दाब हाडावर असावा, डोळ्याच्या गोळ्यावर नको.

पाणी वाहत असताना त्या माणसाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगा. असं केल्याने आतल्या घड्यांमध्ये पाणी शिरतं.

चारपाच मिनिटांनी खालची पापणी ओढून आत बघा. दह्याच्या कवडीसारखा पांढरा तुकडा दिसला, तर स्वच्छ सुती कापडाचं टोक ओलं करून हलकेच टिपून घ्या. कोरडा कापूस नको, नख नको, चिमटा तर नकोच. बुबुळाला चिकटलेलं काही दिसलं तर त्याला कापड लावू नका, फक्त पाणी घालत राहा. वरची पापणी पापणीच्या केसांना धरून पुढे ओढा, खालच्या पापणीवर आणा आणि त्या फटीत पाणी सोडा. वरची पापणी पूर्ण उलटी करणं सवयीचं काम आहे. ते डॉक्टरांसाठी ठेवा.

कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती काढण्यासाठी धुणं अडवू नका. बहुतेक वेळा ती धारेतच सुटते. सुटली नाही तर मध्येच बोटाने काढून घ्या.

लहान मूल हात लावू देत नाही. मग?

एकट्याने हे जमत नाही. शेजाऱ्यांना हाक मारा. मुलाला खांद्यापासून पायापर्यंत चादरीत घट्ट गुंडाळा, हात आतच राहू द्या. दिवाणाच्या किंवा ओट्याच्या कडेवर कुशीवर झोपवा आणि दुखरा डोळा खाली ठेवा. एकाने डोकं दोन्ही हातांनी धरायचं, दुसऱ्याने पापण्या उघडायच्या, तिसऱ्याने पाणी घालायचं. मूल किंचाळेल, गुदमरल्यासारखं रडेल. नाकातोंडात पाणी जात नाही ना, एवढं बघा आणि चालू ठेवा. आईला हे बघवत नसेल तर तिला मुलाच्या पायाशी बसवा आणि त्याच्याशी बोलत राहायला सांगा. रडणाऱ्या मुलाची दया येऊन हात सैल होतो, आणि तिथेच डोळा हातचा जातो.

किती वेळ? आणि नळ नसेल तर किती पाणी लागेल?

घड्याळ लावून किमान तीस मिनिटं. सर्वसाधारण रसायनांसाठी पंधरा ते वीस मिनिटं सांगतात, अल्कासाठी ती पुरत नाहीत. आग थांबली म्हणूनही धुणं थांबवू नका. अल्काने बुबुळातल्या मज्जातंतूंच्या टोकांनाही इजा होते, त्यामुळे जास्त भाजलेला डोळा कमी दुखू शकतो.

बारीक धारेच्या नळाने अर्ध्या तासात साधारण पन्नास लिटर पाणी जातं. गावात नळाला दिवसाआड पाणी येत असेल तर मिनिटाला एक मोठा तांब्या सावकाश, सलग ओतायचा, असा हिशोब धरा. तीस तांबे म्हणजे दीड ते दोन बादल्या. एवढं पाणी बहुतेक घरांत भरलेलं असतं. अजिबातच कमी असेल तर सगळं सुरुवातीच्या दहा मिनिटांत वापरा, शिल्लक ठेवू नका.

तूप, दूध, गुलाबपाणी, एरंडेल? किंवा चुना मारायला लिंबू?

यातलं काहीही घालू नका. तूप आणि एरंडेल यांनी थंड वाटतं, पण त्यांचा थर चुन्याच्या कणावर बसतो आणि पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही. दूध आणि गुलाबपाणी डोळ्यात मावतं चमचाभर. तेवढ्याने धुणं होत नाही, वेळ मात्र जातो. बाळंतिणीचं दूध घालायची पद्धत काही घरांत आहे. त्यामागची माया खरी आहे, पण इथे त्याचा उपयोग नाही.

लिंबाची कल्पना शाळेतल्या विज्ञानातून येते: आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात. परीक्षानळीत ते खरं आहे. पण डोळ्यात अल्क नेमका किती आहे, ते कुणालाच माहीत नसतं. त्या क्रियेत उष्णता निघते, आणि उरलेलं आम्ल भाजलेल्या जागेला पुन्हा भाजतं.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका, घरात जुनी बाटली असेल तर तीही वापरू नका. डोळा चोळू नका आणि पट्टी बांधू नका, कारण पट्टीखाली चुना तसाच राहतो.

आधी दवाखाना की आधी पाणी?

आधी पाणी. एक जण धुतो तेव्हा दुसऱ्याने गाडी बघायची किंवा १०८ ला फोन करायचा. गाडी दाराशी लवकर आली तरी निदान पहिली पंधरा-वीस मिनिटं जागेवर नीट धुवा. मग बाटल्या भरून घ्या आणि वाटेत पाणी चालू ठेवा. निघताना चुन्याची पुडी सोबत न्या. डॉक्टरांना पदार्थ कळला की शोध लवकर लागतो.

एक प्रसंग शेवटपर्यंत सांगाल का?

सांगतो. हा प्रसंग कल्पित आहे, पण यातली प्रत्येक पायरी अशीच घडते.

संध्याकाळचे साडेसहा. चार वर्षांच्या नातवाला आजोबांच्या चंचीत चुन्याची पुडी सापडली. त्याने ती दोन्ही मुठींत दाबली. पुडी कडेने फुटली आणि चुन्याची पिचकारी उजव्या डोळ्यात गेली. हे असंच होतं. पुडी मऊ असते, आतला चुना दाबला जातो आणि मूल ती तोंडाजवळ धरून बघत असतं. डोळा थेट निशाण्यावर येतो.

आजी तुपाची वाटी घेऊन आली. आईने ती बाजूला ठेवली आणि ६ वाजून ३२ मिनिटांनी पिंपातलं पाणी घालायला सुरुवात केली. पहिली तीन मिनिटं वाया गेली, कारण मुलगा डोळा उघडत नव्हता. शेजारचा मुलगा आला, चादर आली, मग पापण्या उघडल्या. पावणेसातला खालच्या पापणीत ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा तुकडा दिसला आणि ओल्या फडक्यावर निघाला. ७ वाजून ५ मिनिटांनी जीप निघाली. वाटेत दोन बाटल्या संपल्या.

पावणेआठला उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी खालच्या पापणीत पीएचची पट्टी लावली. ती ८.५ दाखवत होती. सव्वा तास होऊनही, इतकं धुऊनही. त्यांनी भुलीचा थेंब घातला, वरची पापणी उलटी केली, मग तिच्याही मागची घडी उलगडली. तिथे दोन कण चिकटलेले होते. ते काढले आणि सलाइनची नळी लावून दोन लिटर सोडलं. धुणं थांबवून पाच मिनिटं थांबले आणि मग पट्टी लावली, कारण लगेच लावली असती तर तिने डोळ्याचा नाही, सलाइनचाच पीएच दाखवला असता. आकडा ७.५ आला. सगळ्यांना हायसं वाटलं. पण अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं तर ८. म्हणजे अजून कुठेतरी कण होता. तो नाकाकडच्या घडीत सापडला. पुन्हा एक लिटर सोडल्यावर पट्टी ७.५ वर आली आणि तिथेच राहिली.

घरी तीस मिनिटं धुतलं नसतं, तर तो ज्वारीएवढा तुकडा सव्वा तास बुबुळाला खेटून राहिला असता. आणि घरी कितीही धुतलं असतं, तरी वरच्या घडीतले कण निघाले नसते. म्हणून दोन्ही लागतं.

डोळा लाल नाही, दुखणंही कमी झालंय. तरी जायचं?

तेव्हा तर नक्कीच जा. बुबुळाच्या कडेला, जिथे काळं संपून पांढरं सुरू होतं, तिथे बुबुळाचा वरचा थर नव्याने तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या भाजल्या की ती कड लाल न दिसता संगमरवरासारखी पांढरी दिसते. घरचे लोक म्हणतात, "लाली उतरली." डॉक्टर नेमकी तीच कड बघतात आणि तिचा किती भाग पांढरा पडला आहे त्यावरून इजा किती मोठी आहे ते ठरवतात. लालबुंद, पाणी गळणारा डोळा अनेकदा त्या शांत पांढऱ्या डोळ्यापेक्षा सुदैवी असतो. बुबुळ धुरकट दिसणं, नजर अंधूक होणं, उजेड सहन न होणं, यातलं काहीही असेल तर त्याच रात्री नेत्रतज्ज्ञांकडे जा, सकाळची वाट बघू नका.

डोळ्यात फूल पडलं तर ते जातं का?

इजा थोडी असेल तर बुबुळाचा वरचा थर काही दिवसांत भरून येतो. कडेच्या मूळ पेशी मेल्या असतील तर तो भरत नाही, त्याच्यावर शिरा चढतात आणि बुबुळ कायमचं पांढरं पडतं. अशा डोळ्यात नुसतं नेत्ररोपण टिकत नाही, कारण नव्या बुबुळालाही वरचा थर पुरवणारं कुणी उरलेलं नसतं. चांगल्या डोळ्याच्या कडेवरचा बारीक तुकडा घेऊन त्याचे कण दुखऱ्या डोळ्यावर लावण्याची एक सोपी शस्त्रक्रिया हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये मांडली. तिने अनेकांना नजर परत मिळाली आहे. पण त्यासाठी दुसरा डोळा चांगला असावा लागतो. दोन्ही डोळ्यांत चुना गेलेल्या मुलासाठी वाट फार बिकट असते.

सिमेंट, फिनाइल, बॅटरीचं पाणी उडालं तर वेगळं काही करायचं का?

धुण्याची पद्धत हीच. ओल्या सिमेंटमध्ये चुनाच असतो, त्यामुळे वरचं सगळं जसंच्या तसं लागू आहे, कण शोधण्यासकट. बॅटरीतलं किंवा संडास साफ करायचं आम्ल, पातळ ब्लीच, फिनाइल यांत कण नसतात, पण धुणं तेवढंच तातडीचं. काय उडालं ते नक्की माहीत नसेल तर अल्क समजूनच तीस मिनिटं धुवा.

घरात चुना ठेवायचाच असेल तर कसा ठेवावा?

मऊ पुडी आणि ट्यूब घरात नकोच. जुन्या पद्धतीची फिरकीच्या झाकणाची धातूची डबी चांगली, कारण ती दाबून पिचकारी उडत नाही. पुडी विकत आणलीत तर टपरीवरच डबीत रिकामी करा आणि रिकामी पुडीही अंगणात टाकू नका, तिच्यात राहिलेला चुना मुलाच्या डोळ्याला पुरेसा असतो. सदऱ्याचा खिसा, उशाखालची चंची आणि खुंटीला टांगलेली पिशवी या तीन जागा मुलांना पाठ असतात.

भिंतींना चुना मारताना डोक्यावरचं छत रंगवणाऱ्याने चष्मा लावावा, आणि रंगाच्या पिंपाशेजारी स्वच्छ पाण्याची एक भरलेली बादली व तांब्या काम संपेपर्यंत ठेवावा. त्या बादलीत ब्रश बुडवू देऊ नका.